डोईमागे त्रेपन्न हजार, अधिक कर

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात दोन गोष्टी एकदम घडतात. मार्चअखेर टार्गेटसाठी घाईघाईने पाठवलेला माल परत यायला लागतो, आणि तो माल ज्यांनी पाठवला त्यांना थायलंडला कसं न्यायचं याचे प्रस्तावही यायला लागतात.

आमची कंपनी पाइपांचे जोड बनवते. ऑफिस आणि जुना कारखाना भोसरीत, नवा कारखाना चाकणला. मी अ‍ॅडमिनमध्ये आहे, म्हणजे कॅन्टीन, कामगारांच्या बस, पाण्याचे टँकर आणि थायलंड ही चार खाती माझ्याकडे. पहिल्या तिन्हींबद्दल वर्षभर तक्रारी येतात. थायलंडबद्दल फक्त सूचना येतात, आणि त्या सगळ्यांकडून येतात.

टॉप सेल्सवाल्यांच्या सहलीचा प्रस्ताव ही एक ठरलेली वाङ्मयीन कृती आहे. तिच्यात तीन पर्याय असतात. पहिला इतका स्वस्त की निवडला तर सेल्सवाले राजीनामा देतील. तिसरा इतका महाग की निवडला तर एमडी देतील. मधला थायलंड. एजंटला मधलाच विकायचा असतो, आम्हाला मधलाच घ्यायचा असतो, तरी तिन्ही पर्यायांवर दीड तास चर्चा होते, कारण चर्चा न करता मंजूर केलं तर ते चैनीसारखं दिसतं.

यंदाचा पहिला पर्याय होता गोवा. तीन रात्री, डोईमागे २१,०००, त्यात पॅरासेलिंग, जेट-स्की आणि बनाना राइड. सहल जुलैतली. पावसाळ्यात गोव्याच्या समुद्रातले हे सगळे खेळ बंद असतात. खवळलेल्या अरबी समुद्रात केळ्यावर बसायला जुलैत कोणीही नेत नाही. प्रस्ताव डिसेंबरच्या एखाद्या गिऱ्हाइकाचा उचलून आपल्याला पाठवला आहे, हे ओळखण्याची याहून खात्रीची खूण नाही. आधी तारीख बघायची, मग खेळ बघायचे, दोन्ही जुळले तरच पुढचं पान उलटायचं. कंपनीचं नाव बदलताना एजंटची नजर पहिल्या पानावरच असते. आमच्या प्रस्तावाच्या सातव्या पानावर शेवटच्या रात्रीच्या मेजवानीत एका औषध कंपनीचं स्वागत होतं.

तिसरा पर्याय स्वित्झर्लंड. युंगफ्राउयोख, ३,४५४ मीटर, बर्फात उभं राहून फोटो, डोईमागे सव्वादोन लाख. हे पान मी दरवर्षी पाहतो. बर्फ तोच, फोटोतली लाल जाकीटवाली बाई तीच. युरोपच्या व्हिसाला प्रत्येकाचं बँक स्टेटमेंट लागतं, आणि उत्तम सेल्समनचं बँक स्टेटमेंट ही कुणालाही दाखवण्यासारखी वस्तू नसते. सात तारखेपर्यंत घराचा, गाडीचा आणि मोबाइलचा हप्ता गेल्यावर उरणारी शिल्लक पाहून वकिलातीला हा माणूस परत येईल असं वाटणं अवघड आहे. एमडी ते पान दोन मिनिटं पाहतात, “नेक्स्ट इयर” म्हणतात, आणि आपण उदार असल्याचं समाधान घेऊन थायलंडकडे वळतात.

थायलंडने भारतीयांना नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसा माफ केला, तेव्हापासून या पट्ट्यात त्याला तोड राहिली नाही. दोन रात्री पट्टाया, दोन रात्री बँकॉक. कोरल आयलंडला स्पीडबोट, चाओ फ्राया नदीवर जेवणाची बोट, सफारी वर्ल्ड, आणि एक “गाला डिनर”. डोईमागे ५३,०००, अधिक कर. घरी सांगताना यातला “पट्टाया” हा शब्द बहुतेक जण गाळतात आणि ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगतात. गेल्या खेपेला एकाच्या सौभाग्यवतींनी मला फोन करून विचारलं, “भाऊजी, ट्रेनिंगला पोहायचे कपडे कशाला लागतात?” सुरक्षा प्रशिक्षण, असं मी सांगितलं. अ‍ॅडमिनला अशा कामांचा पगार मिळतो.

पर्याय ठरला की फाइल परचेसकडे जाते. इथे चाकणचं पाणी दिसतं. मोठ्या वाहन कंपन्या आम्हाला दरवर्षी भाव कमी करायला लावतात. तोच जोड, तेच पोलाद, पण दुसऱ्या वर्षी तीन टक्के कमी, तिसऱ्या वर्षी आणखी. आमच्या परचेसवाल्याने हे इतकं सोसलंय की त्याला दुसऱ्याला सोसायला लावायची संधी हवीच असते. त्याने एजंटला समोर बसवून विचारलं, “थायलंड तोच आहे ना? नवीन ड्रॉइंग नाही, डायमध्ये बदल नाही, तुम्ही तिसऱ्या वर्षी सप्लाय करताय. मग रेट पाच टक्क्यांनी खाली यायला हवा.”

एजंट म्हणाला, “सर, डॉलर वाढला.”

“रॉ मटेरियलची वाढ आम्ही मान्य करत नाही.”

मग पेमेंटचा मुद्दा निघाला. आम्ही सगळ्यांना नव्वद दिवसांनी पैसे देतो. विमान कंपनीला मात्र जागा अडवायला आगाऊ रक्कम आणि उड्डाणाच्या बऱ्याच आधी उरलेली सगळी लागते. नव्वद दिवस उधारीवर कोणी उडत नाही, हे परचेसला पटवायला सेल्स हेडना मध्ये पडावं लागलं. त्यानंतर “सँपल अ‍ॅप्रूव्हल” निघालं. माल घेण्याआधी पहिला नग तपासायची आमची रीत आहे, तेव्हा थायलंडचाही पहिला नग कुणीतरी जाऊन तपासायला नको का? हे कुणीतरी म्हणजे कोण, हे परचेसवाल्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

त्याची एक शंका मात्र रास्त होती आणि ती दरवर्षी निघते. त्याने मोबाइलवर त्याच तारखेचं विमान काढलं आणि बावीस हजारांचं तिकीट दाखवलं. एजंटच्या पत्रकात सत्तावीस हजार. म्हणजे तीस माणसांचे दीड लाख कुठे गेले? एजंटने शांतपणे सांगितलं, “सर, एकच्या जागी नऊ प्रवासी टाका.” टाकले. आकडा टुणकन वर गेला. विमानातल्या जागा वेगवेगळ्या दराच्या गठ्ठ्यांत विकायला ठेवलेल्या असतात, आणि सर्वांत स्वस्त गठ्ठ्यात कधी कधी चारच जागा उरलेल्या असतात. एकट्याला शोधलं की ती चारातली एक दिसते. नऊ एकदम मागितले की नऊ जागा शिल्लक असलेल्या गठ्ठ्याचा दर सगळ्यांना लागतो. दहापासून पुढे तर तो वेगळाच व्यवहार, ग्रुपचा. तिथे दर जास्त पडला तरी एक सोय मिळते. जागा आज अडवायच्या, नावं नंतर द्यायची.

ही सोय आमच्यासारख्यांना प्राणवायूइतकी गरजेची आहे, कारण जाणार कोण हे एप्रिलमध्ये कुणालाच माहीत नसतं. टार्गेटच्या ११० टक्क्यांवर गेला तो पात्र, असा नियम. ३१ मार्चच्या रात्री पात्र ठरलेले असतात एकतीस. मग चाकणच्या गोदामातून माल परत येतो. “आम्ही मागवलाच नव्हता” असं पत्र डीलरकडून येतं. क्रेडिट नोटा निघतात, आणि पंचवीस एप्रिलपर्यंत पात्र उरतात पंचवीस. गळालेले सहा जण कंपनीवर रागावतात, आणि त्यातला एक तरी असा असतो की ज्याने सूटकेस घेतलेली असते.

उरलेल्या पंचविसांत दोघांकडे पासपोर्टच नसतो. एकाचा असतो पण ऑक्टोबरमध्ये संपणार असतो, म्हणजे जुलैत सहा महिने शिल्लक नाहीत, म्हणजे तोही नसल्यासारखाच. वर्षभर गिऱ्हाइकाच्या गेटवर तीन तास उभं राहून ऑर्डर आणणारा मोहरा मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मला फोन करतो, “साहेब, पत्ता जुळत नाही म्हणतायत.” आधारवर निगडी, बँकेत लातूर, राहतो मोशीत.

आता तारीख. मुंबईच्या एजंटला वाटतं तारीख म्हणजे नुसतं कॅलेंडर. त्याने बसची वेळ दिली होती, आकुर्डीहून दुपारी चार, नेमका तुकोबांच्या पालखीचा आकुर्डीत मुक्काम त्या दिवशी. त्या दिवशी आकुर्डीतून बस काढायची तर ती पंढरपूरकडेच न्यावी लागेल. शिवाय आषाढी एकादशीला निम्म्या लोकांना उपास. शिवाय श्रावण लागला की उरलेल्या निम्म्यांचा गाला डिनरमधला रस संपतो, कारण एका बाजूला अमर्याद मद्य आणि दुसऱ्या बाजूला साबुदाणा अशी मांडणी पट्टायाच्या हॉटेलला जमत नाही. उरला गुरुपौर्णिमेपासून दीप अमावास्येपर्यंतचा पंधरवडा. त्यातही निघायचं बुधवारी रात्री, कारण आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बुधवारी रात्री विमान, गुरुवारी पहाटे बँकॉक, सोमवारी परत. गुरुवार तसाही सुट्टीचा आणि रविवारी गिऱ्हाइकं बंद, तेव्हा कंपनीचे तीनच दिवस बुडतात. हा हिशेब मी केला आणि एमडी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसले.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर सबंधच करू. पत्रकात ५३,००० डोईमागे. त्यात विमानाचे २७,००० आणि तिथला खर्च २६,०००. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे २,६५०, झाले ५५,६५०. हा जीएसटी आम्हाला कुठेही वजा मिळत नाही. तीस माणसांचे झाले १६,६९,५००. इथपर्यंत परचेसची नजर पोहोचते. “समाविष्ट नाही” या मथळ्याखाली बारीक टायपात जे असतं तिथपर्यंत पोहोचत नाही. मुंबई विमानतळापर्यंत जाऊन-येऊन बसचे ५६,०००. गाला डिनरमध्ये जेवण धरलेलं असतं. डीजे, ध्वनी आणि पेयं धरलेली नसतात, त्याचे डोईमागे २,५००, म्हणजे ७५,०००. कंपनीच्या नावाचे टी-शर्ट, टोप्या, पाठीवरच्या बॅगा ३६,०००. प्रवासविमा आणि तिथल्या ड्रायव्हर-गाइडच्या टिपा मिळून ३३,०००.

मग खोल्या. सगळा दर “ट्विन शेअरिंग”वर बेतलेला, म्हणजे एका खोलीत दोघं. तीस माणसं, पंधरा खोल्या, सुंदर भागाकार. पण एमडींना वेगळी खोली हवी. सेल्स हेडना वेगळी हवी. एचआरच्या मॅडमना वेगळी द्यायलाच हवी. तीन गेले, उरले सत्तावीस, आणि सत्तावीस विषम. म्हणजे कुणीतरी चौथाही एकटा झोपणार. कोण, यावर मात्र कधीच वाद होत नाही. कोल्हापूर विभागाचे आमचे सर्वांत यशस्वी विक्रेते असे घोरतात की मागे एकदा शेजारच्या खोलीतल्या परदेशी जोडप्याने रिसेप्शनला फोन करून दुरुस्तीचं काम थांबवायला सांगितलं होतं. एकट्याच्या खोलीचे जादा १२,००० प्रमाणे चार खोल्यांचे ४८,०००.

बेरीज १९,१७,५००. भागिले तीस, डोईमागे सुमारे ६३,९००. त्रेपन्नाचे चौसष्ट झाले आणि त्यात कुणीही कुणाला फसवलेलं नाही, सगळं पहिल्यापासून लिहिलेलंच होतं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंटला सरकारसाठी आगाऊ आयकर गोळा करावा लागतो, तो मी धरलाच नाही, कारण तो पुढे कंपनीच्या करात वळता होतो. पण तोवर तो अडकून पडतो, आणि अकाउंट्सच्या काकांना अडकलेला पैसा गेलेल्या पैशापेक्षा जास्त छळतो.

पण खरा गमतीचा आकडा भाजकात आहे. सहल कुणासाठी? पंचवीस विजेत्यांसाठी. मग तीस कोण? एमडी, सेल्स हेड, एचआरच्या मॅडम, मी आणि अकाउंट्सचे काका. काका कशासाठी? परकीय चलन सांभाळायला. ते चलन त्यांनी पोटाला पट्ट्यात बांधलेलं असतं आणि चार दिवस ते समुद्राकडे पाठ करून बसतात. थोडक्यात, पंचवीस जणांना बक्षीस द्यायला १९,१७,५०० खर्च झाले, म्हणजे एका बक्षिसाची किंमत ७६,७००. ही संख्या कुठल्याही प्रस्तावात नसते. मी ती एका कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिली, तर सेल्स हेडनी खोडरबर मागवला.

याच क्षणी दरवर्षी काका एक प्रश्न विचारतात, “मग सरळ खात्यात पैसे का टाकत नाही?” विजेत्यांना विचारलं तर पंचविसातले वीस तरी हेच म्हणतील. सेल्स हेडचं उत्तर पाठ आहे. पैसे दिले तर ते हप्त्यात जातात, आणि हप्त्याचा फोटो कुणी स्टेटसला लावत नाही. थायलंडचा फोटो लागला की गळालेले सहा जण तो रोज सकाळी पाहतात, आणि कंपनीला पुढच्या वर्षीची विक्री त्या सहांकडून हवी असते. हे इतकं खरं आहे की त्यावर काकांनाही बोलता येत नाही. ते मग कराकडे वळतात.

कर्मचाऱ्याला फुकट सहल दिली तर तिची किंमत त्याच्या उत्पन्नात मिळवली जाते. ७६,७०० वर तीस टक्क्यांच्या पट्टीतल्या माणसाला उपकरासह जवळपास चोवीस हजार कर. म्हणजे कोरल आयलंडवर वाळूत लोळणाऱ्याला सप्टेंबरच्या पगारात कळतं की वाळू फुकट नव्हती. यावर शेजारच्या एका कारखान्याने उपाय सांगितला: एक दिवस “सेल्स कॉन्फरन्स” ठेवा. आम्हीही हॉल, प्रोजेक्टर आणि मागे मोठा फलक यांची तरतूद केली. काकांनी चष्मा वर करून सांगितलं की अर्धा दिवस फलकासमोर बसल्याने उरलेले साडेतीन दिवस कचेरीचे होत नाहीत. डीलरांच्या सहलींबाबत तर १ जुलै २०२२ पासून दहा टक्के करकपात आली, आणि खात्याने परिपत्रकात स्पष्टच केलंय की मौजमजेचा भाग, कुटुंबीयांचा खर्च आणि परिषदेच्या तारखांबाहेरचा मुक्काम हा लाभच धरला जाईल. परिषद निवडक टार्गेटवाल्यांसाठीच असेल तर तीही सुटत नाही. पुढे एक सवलत दिली: परिषदेच्या आधीचा एक दिवस आणि नंतरचा एक दिवस जादा मुक्काम धरला जाणार नाही. कुठल्यातरी अधिकाऱ्याने बँकॉकच्या विमानांचं वेळापत्रक कनवाळूपणे पाहिलेलं असणार.

कॉन्फरन्स तरीही ठेवली, एमडींना भाषण करायचं असतं म्हणून. कार्यक्रमपत्रिकेत ती शुक्रवारी सकाळी साडेआठला होती, म्हणजे गाला डिनरच्या दुसऱ्या दिवशी. हा क्रम ज्याने लावला त्याने सेल्सची माणसं पाहिलेली नाहीत. मी गाला शेवटच्या रात्रीवर ढकलला. खाण्याच्या सूचना वेगळ्या: सात शाकाहारी, दोन जैन, एक संकष्टीवाला, आणि बाकीच्यांनी स्वतःहून मेतकूट, भडंग आणि ठेचा आणायची वाटणी करून घेतलेली. दुबईचा विचार होता तेव्हा मला खास टीप द्यावी लागली होती की अनारसे आणू नयेत, कारण तिथे खसखशीला बंदी आहे. थायलंडमध्ये ही अडचण नाही. तिथे फक्त पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरावं लागतं, आणि तीसही जणांची कार्डं मीच भरतो, कारण “व्यवसाय” या रकान्यात आमच्या एकाने प्रामाणिकपणे “टेन्शन” असं लिहिलं होतं.

असा सगळा कागद तयार करून मी एमडींपुढे ठेवला. त्यांनी ६३,९०० कडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या ट्रककडे पाहिलं आणि म्हणाले, “खर्च कमी करा. पात्रता ११२ टक्के करा, दोन माणसं गळतील.”

गळली. पंचविसाचे तेवीस झाले, तिसाचे अठ्ठावीस. एजंटचं पत्र संध्याकाळी आलं: दर तीस आणि त्याहून जास्त माणसांसाठी होता, आता डोईमागे १,८०० वाढतील. बसला दोन जागा रिकाम्या, भाडं तेवढंच. तीन वेगळ्या खोल्या काढून उरले पंचवीस, तेही विषमच, त्यामुळे कोल्हापूरची खोली कायम. एकूण झाले १८,४९,५२०. दोन माणसांमागे वाचले ६८,००० सुद्धा नाहीत, आणि एका बक्षिसाची किंमत ७६,७०० वरून ८०,४०० वर गेली. शिवाय गळालेल्यांपैकी एक तो मुंढव्याचा. त्याचा पासपोर्ट त्याच दिवशी घरी आला होता.

सेल्स हेड माझ्या टेबलाशी आले. “अरे, त्या दोघांना समन्वयक म्हणून घे. विजेते नाहीत ना ते. मॅनेजमेंटच्या यादीत टाक.” टाकले. पुन्हा तीस डोकी, पुन्हा जुना दर, पुन्हा १९,१७,५००. विजेते मात्र तेवीसच, म्हणजे बक्षीस पडलं ८३,३७० ला. पण प्रस्तावात तो रकाना नाही. प्रस्तावात डोईमागे ६३,९०० होते आणि ६३,९०० च राहिले, शिवाय पात्रता कडक झालेली. एमडींनी सही केली आणि खाली लिहिलं, “गुड. पुढच्या वर्षी ११५ करा.”